वेर्ण्याच्या भरतीबद्दल, सविस्तर

फोंडा,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

साठ माणसं पॅकिंगला हवीत, एका रविवारी भरती उरकायची आणि लगेच लाईनवर उभी करायची, असं तू लिहिलंस. औषध कंपनीचं सेकंडरी पॅकिंग म्हणजे नक्की कुठलं काम ते मला ठाऊक आहे, म्हणून मोघम न लिहिता सगळं नीट लिहितो. पत्र लांबेल, चहा घेऊन बस.

सुरुवात उलटीकडून कर. महिनाभराने लाईनवर साठ जण टिकलेले हवेत, तर रुजू सत्तर व्हायला हवेत. उभ्याने काम, टोपी, मास्क, पाळ्या हे सगळं पहिल्या दोन आठवड्यांत काहींना झेपत नाही. सत्तर रुजू व्हायचे तर नव्वद जणांच्या हातात नेमणुकीचं पत्र पडायला हवं, कारण पत्र घेऊन न येणारे असतातच. नव्वद निवडायचे तर दीडशे मुलाखती, आणि दीडशे मुलाखतीपर्यंत पोचायचे तर दारात दोनशे माणसं. फोनवर ‘येतो येतो’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे आले तरी पुष्कळ, म्हणजे होकार चारशेचे हवेत. हे आकडे पुढे सरकवताना तुझ्या कंपनीची मागची भरती काढून बघ आणि त्याप्रमाणे बदल. मात्र हिशेब साठवरून मागे येत कर. ‘दोनशे आले, गर्दी झाली, छान झालं’ या समाधानात बरेच फसतात.

आता गर्दीचं. वेळ ‘सकाळी नऊ ते पाच’ अशी छापलीस तर दोनशेंपैकी बहुतेक जण दहाच्या आत गेटवर असतील. कागद बघायला एका माणसामागे तीन मिनिटं धर. दोन टेबलांवर तासाला चाळीस होतात, म्हणजे शेवटच्याला पाच तास. तो थांबत नाही, आणि जाताना आपल्याबरोबर आणखी चौघांना घेऊन जातो. म्हणून प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर स्वतःचा तास दे: साडेनऊ, साडेदहा, असे अडीचपर्यंत सहा गट. गटाला सहासष्ट-सदुसष्ट बोलावलेस की तेहतीस-चौतीस येतील. साडेनऊच्या आधीचा गट ठेवू नकोस. रविवारी सासष्टीकडची मुलं चर्चमधली मिसा आटोपून येतात, आणि रविवारच्या बसही नेहमीपेक्षा कमी असतात.

खरी कोंडी मुलाखतीच्या टेबलावर होते. तासाला साधारण पंचवीस जण तिथे पोचतील. एकाला सात मिनिटं म्हटली तरी एका तासात पावणेदोनशे मिनिटांचं काम. कागदावर तीन टेबलं पुरतात असं दिसेल, पण मग तासाला तिन्ही टेबलांची मिळून जेमतेम पाच मिनिटं मोकळी उरतात. एकाची मुलाखत लांबली की मागची रांग दिवसभर फुगतच जाते. चार टेबलं लाव. कागदांना तीन, पत्रं द्यायला दोन, चाचणीला दोघे, गेटवर टोकनला एक, निर्णयाला एक, आणि नुसता धावपळीला एक. म्हणजे चौदा माणसं. धावपळीचा माणूस वाचवायचा मोह होईल. वाचवू नकोस, कार्ड एका टेबलावरून दुसऱ्यावर तोच नेतो.

कागदांच्या टेबलावर माणूस फक्त दोन कारणांनी परत पाठवायचा: वय अठराच्या खाली, किंवा ओळखीचा मूळ कागदच नाही. झेरॉक्स नाही म्हणून कुणाला घालवू नकोस, तिथेच मशीन ठेव. मूळ कागद बघून लगेच परत द्यायचे, ‘राहू दे आमच्याकडे’ असा प्रकार अजिबात नको. याच टेबलावर आधार आणि बँक पासबुकावरचं नाव अक्षर न अक्षर जुळवून घे. आपल्याकडे एकाच गावकराचं आधारवर Gaonkar आणि पासबुकावर Gaunkar असतं, नाईकाचं Naik आणि Naique. मराठीत वाचताना कुणाच्या लक्षातही येत नाही, पण पीएफच्या नोंदीत ते अडकतं आणि पहिल्या पगाराला बोंब होते. फरक दिसला तर नाकारू नकोस, कार्डावर खूण कर आणि रुजू होईपर्यंत कुठलं नाव कुठे दुरुस्त करायचं ते लिहून दे.

यानंतर मुलाखतीआधी दहा मिनिटं सगळ्या गटाला एकत्र बसवून तीन गोष्टी स्पष्ट सांग. माझ्या मते अख्ख्या दिवसातली ही सर्वांत मोलाची दहा मिनिटं.

पहिली, हातात पडणारा पगार. एकूण आकडा नव्हे, हातात पडणारा. समजा पीएफ आणि ईएसआय दोन्हींसाठी धरला जाणारा पगार १५,००० आहे. पीएफचे बारा टक्के म्हणजे १,८०० आणि ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे ११३ गेले, की उरले १३,०८७. हा आकडा फळ्यावर मोठा लिही. आज तो बघून चार जण उठून गेले तरी चालतील, पहिल्या पगारानंतर गेले तर शिकवण्याचा खर्च बुडतो.

दुसरी, लाईनवरचे नियम. अंगठी, बांगड्या, घड्याळ, नखांना रंग, केसात अबोलीचा वळेसर, काहीच चालत नाही. मंगळसूत्राबद्दल तुमच्या कंपनीचा नियम काय तोही आत्ताच सांग. हे रुजू व्हायच्या दिवशी कळलं की बायका दुखावतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

तिसरी, बस. मुलाखतीत कुणी पगाराबद्दल बोलायला लाजेल, पण ‘बस खंय येता?’ हे विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि पत्र घेऊन न येणाऱ्यांची कारणं शोधलीस तर यादीत वर हेच सापडेल. म्हणून कंपनीच्या बसचा मार्ग भिंतीवर लाव, प्रत्येक थांब्यापुढे वेळ लिहून. सकाळची पाळी सहाची. कपडे बदलून, हात धुऊन सहाला लाईनवर उभं राहायचं तर बस साडेपाचच्या सुमाराला गेटात हवी. बोरी, लोटली करत थांबत येणारी बस फोंड्याहून पावणेपाचच्या आधी सुटणार. आता वाळपईची मुलगी पावणेपाचला फोंड्यात कशी पोचेल? तिच्यापुढे मार्ग दोनच, फोंड्यात खोली किंवा दुचाकीवर सोडायला भाऊ. दुसरी पाळी रात्री दहाला सुटते, थांब्यावर उतरायला अकरा वाजतात. तिथून घर किती लांब आणि वाटेत दिवे आहेत का, हे घरचे विचारणारच. तेव्हा ‘पाळ्या चालतील का’ असं विचारू नकोस, सगळे होच म्हणतात. ‘कुठल्या थांब्यावर चढणार आणि तिथवर कसा येणार’ असं विचार. उत्तर अडखळलं तर कार्डावर तसं लिही.

चाचणी साधी ठेव. इंग्रजी निबंध आणि गणितं नकोत. प्रत्येकाच्या पुढ्यात छापलेली तीस रिकामी कार्टन्स आणि एक नमुना ठेव. तिसांत तीन चुकीची: एकावर बॅच नंबरातले दोन आकडे उलटसुलट, एकावर एक्सपायरीच्या वर्षात ३ च्या जागी ८, आणि एक कार्टन भलत्याच ताकदीचं, २५० च्या जागी ५००, रंग तोच. पाच मिनिटं दे. तिन्ही शोधणारा तपासणीच्या जागेवर चालतो, रंग ओळखण्याची चाचणी फक्त अशांचीच घे. ताकदीची चूक न दिसलेला तपासणीवर नको, कारण औषधांची सरमिसळ नेमकी तिथेच होते आणि मग अख्खी बॅच परत मागवावी लागते. पण तोच माणूस शिपर भरायला, टेप मारायला उत्तम असू शकतो. मग पाच मिनिटं दहा कार्टन घडी घालून त्यात माहितीपत्रक घालायला लाव. वेग मोजू नकोस, फक्त पत्रक राहिलं का ते बघ. वीस जणांची एक तुकडी अर्ध्या तासात आटोपते.

चाचणीचे संच तीन कर आणि आलटूनपालटून वापर. बाहेर आलेला माणूस आत जाणाऱ्या गाववाल्याला ‘तिसऱ्या ओळीतलं बघ’ म्हणून सांगतोच.

झटपट निर्णय घ्यायचा तर कुणाला घ्यायचं ते आदल्या दिवशीच ठरलेलं हवं. प्रत्येकाचं एक कार्ड, त्यावर टोकन नंबर आणि चार चौकटी: कागद, चाचणी, बस, उभ्याने काम करायची तयारी. चारही ठीक असतील तर हिरवं, पत्र त्याच तासात. चाचणीवरून कुठल्याच कामाला चालणार नाही किंवा बसचा मार्गच नाही, तर लाल. बाकी पिवळं. आणि इथेच घोळ होतो. नाही म्हणणं जिवावर येतं म्हणून मुलाखत घेणारे अर्धी कार्डं पिवळी करतात आणि संध्याकाळी तुझ्या टेबलावर सत्तर पिवळी पडतात. टेबलागणिक पाचात एकच पिवळं अशी मर्यादा घाल, आणि पिवळी दोनदाच उघड, दीडला आणि साडेचारला. सुरुवातीचे चार-पाच उमेदवार चौघांनी एकत्र बसून तपास आणि शेरे पडताळून घे. एकाचं हिरवं ते दुसऱ्याचं लाल निघालं, तर निकष तिथेच पुन्हा बोलून घ्या. जेवणानंतर सगळेच उदार होतात, तेव्हा तीनच्या सुमाराला पुन्हा एकदा पडताळ. लाल असलेल्यालाही त्याच दिवशी सांग. ‘कळवतो’ म्हणून ताटकळत ठेवलेला माणूस गावात कंपनीबद्दल काय बोलेल ते तुला माहीत आहे.

पत्रावर रुजू व्हायची तारीख, पहिल्या आठवड्याची पाळी, हातात पडणारा पगार आणि त्याचा बसथांबा हे चारही हवेत. नेमणूक वैद्यकीय तपासणीवर अवलंबून, हेही त्यावर लिही, आणि तपासणी तीन दिवसांत उरक. सत्तर जणांना एका दिवशी रुजू करून घेऊ नकोस. प्रशिक्षणाची खोली, गणवेशाची मापं, लॉकर, काहीच पुरत नाही. चोवीस, चोवीस, बावीस अशा तीन तुकड्या कर: सोमवार, गुरुवार, सोमवार. पहिली तुकडी भरतीपासून आठ दिवसांत यायलाच हवी, त्यापुढे लांबलं की माणूस दुसरीकडे जातो.

तारीख धरताना चवथ टाळ. चवथीच्या आधी घेतलेली माणसं चवथीनंतर उगवतात, काही उगवतही नाहीत. आणि रविवार महिन्याच्या दहा तारखेनंतरचा धर. दुसरीकडे कामाला असलेले मागचा पगार हातात पडल्याशिवाय हलत नाहीत.

रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन कर. ‘येणार ना?’ विचारू नकोस. ‘उद्या कुठल्या थांब्यावर उभा राहणार?’ विचार. थांब्याचं नाव पटकन आलं तर तो येतोय. ‘बघतो’ आलं, तर त्याच रात्री राखीव यादीतल्या पुढच्या नावाला लाव. त्यासाठी पिवळ्यांतले बरे पंधरा-वीस वेगळे काढून ठेव, आणि तुमचं नाव राखीव यादीत आहे असं त्यांना खरं सांग.

कार्डाचा नमुना मी हाताने काढून ठेवलाय, बुधवारी मडगावला येतोय तेव्हा देईन. तोवर बसच्या मार्गावरचे थांबे आणि वेळा ड्रायव्हरला विचारून पक्क्या करून ठेव. ऑफिसातल्या कागदावरच्या वेळांवर विसंबू नकोस.

तुझाच,
मित्र