अपेक्षांची यादी आणि खऱ्या अटी

प्रिय मेघा,

तुझी अपेक्षांची यादी वाचली. उंची, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, निर्व्यसनी, मूल हवं, लग्नानंतर नोकरी चालू. सगळ्याला तू सारखंच वजन दिलंयस. म्हणूनच एकही स्थळ पसंतीला उतरत नाही.

प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न लाव: बाकी सगळं मनासारखं आहे, फक्त एवढंच नाही, तर मी नकार देईन का? उंचीसाठी तू देणार नाहीस, मला ठाऊक आहे. मूल नको म्हणणाऱ्याला मात्र नक्की देशील, आणि तो नकार बरोबरच आहे, कारण तिथे मधला मार्ग निघतच नाही.

फ्लॅटपाशी जरा थांब. तो का हवा? सासू-सासऱ्यांबरोबर दोन खोल्यांत राहणं जमणार नाही, असं तूच म्हणालीस. मग अट फ्लॅटची नाहीच, वेगळं राहण्याची आहे, आणि ती भाड्याच्या घरातही भागते. उलट फ्लॅटवाल्या स्थळाचा हिशेब मांडून बघ. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत, म्हणजे महिन्याला सुमारे ५२ हजारांचा हप्ता. त्याच्या हातात ९० हजार येत असतील, तर उरलेल्या ३८ हजारांत घरखर्चही आला आणि आईवडिलांची औषधंही. तुझा पगार मग गृहीतच धरला जातो. नोकरी तुला हवी म्हणून करायची होती, ती हप्त्यासाठी करावी लागते. एखादं वर्ष घरी थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही. तेव्हा फ्लॅट 'असला तर बरं' यात टाक. वेगळं राहणं आणि कर्जाचा खरा आकडा, या दोन गोष्टी अटींत घे.

'निर्व्यसनी' प्रत्येक बायोडेटात असतं. लग्नकार्यात एखादी बिअर तुला चालते की घरात बाटलीच नको, हे आधी स्वतःशी ठरव आणि तेच शब्द वापरून विचार.

नोकरीबद्दलही तसंच. "लग्नानंतर नोकरी चालेल ना?" याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी विचार, "२६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली की बाळाला कोण सांभाळेल? मला बंगळुरूला बढती मिळाली तर आपण काय करू?" पोह्यांच्या कार्यक्रमात मोठ्यांसमोर तो "बघू पुढचं पुढे" म्हणाला, तर लगेच फुली मारू नकोस, तिथे कुणालाही मोकळं बोलता येत नाही. दोघंच भेटाल तेव्हा हेच पुन्हा विचार. तेव्हाही तेच उत्तर आलं, तर तो नकार समज. "लग्न झालं की बदलेल" या भरवशावर पुढे जाऊ नकोस. अटीच्या बाबतीत आज जे आहे, तेच धरायचं.

आणि हो, अटी चारपाचांच्या वर गेल्या तर यादी माझ्याकडे परत पाठव. त्यात दुसरा एखादा फ्लॅट लपलेला असेल, तो आपण दोघी मिळून शोधू.

तुझी,
अनघा