उजव्या नियमाला डावा हात

मा. संपादक,
स.न.

परवाच्या अंकात दहावीच्या पानावर चुंबकाची आकृती छापलीत. मजकुरात ‘उजव्या हाताचा नियम’ आणि चित्रात कॉइल धरलेला हात डावा! रकान्यात बसावं म्हणून कुणीतरी चित्र आरशात दिसतं तसं उलटवलं असणार. पान छान दिसतं, प्रश्नच नाही. पण चार बोटं प्रवाहाच्या दिशेने वळवली की अंगठा दाखवतो ते टोक उत्तर, हे उजव्या हाताने. डाव्याने तेच टोक दक्षिण ठरतं. नात काल सकाळपासून पेन्सिलीवर कधी हा, कधी तो हात गुंडाळून बसलीय.

मी सोलापुरात मोटारी रिवाइंड करण्यात आयुष्य घालवलं, म्हणून जास्त लागलं. शिकाऊ असताना यंत्रमागाची चार पोलची मोटार भरली आणि एका फेजच्या कॉइलचा एक गट उलटा जोडला. स्विच टाकला तर नुसती घुमायला लागली, वेग घेईना, बघता बघता तापली. उस्तादांनी रोटर काढला, त्या फेजला बारा व्होल्टची बॅटरी जोडली, तार जळू नये म्हणून मध्ये गाडीचा बल्ब घातला आणि होकायंत्र स्टेटरच्या आतल्या कडेने हळूहळू फिरवलं. प्रत्येक गटापाशी सुई उलटायला हवी. पहिल्यापाशी एक टोक, दुसऱ्यापाशी दुसरं. पण तिसऱ्यापाशी आणि चौथ्यापाशीही तेच दुसरं! म्हणजे तिसरा उलटा. दोन टोकांची अदलाबदल केली, मोटार पळाली. उस्ताद एवढंच म्हणाले, “हात कुठला धरला होतास रे?”

आता पट्टीचुंबक. बलरेषा बाहेरून उत्तरेकडून दक्षिणेकडे, हे बरोबर छापलंत. पण चुंबकाच्या आतही बाण उत्तरेकडून दक्षिणेकडेच! आत त्या दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात, म्हणून तर वेटोळं पूर्ण होतं. लोखंडात होकायंत्र घुसत नाही, पण पोकळ कॉइलमध्ये ठेवून बघा, सुईचं उत्तर टोक कॉइलच्या उत्तर तोंडाकडेच वळतं.

शिवाय तुमच्या चित्रकाराने रेषा सगळीकडे सारख्याच अंतरावर काढल्यात, सतरंजीचे पट्टे असावेत तशा. ध्रुवाजवळ त्या दाटीवाटीने हव्यात, लांब विरळ, कारण दाटी म्हणजे जोर. सारख्या अंतराच्या सरळ रेषा शोभतात त्या लांब कॉइलच्या आत, जिथे जोर सगळीकडे सारखा असतो. तिच्याही तोंडाशी रेषा फाकतात आणि जोर मधल्यापेक्षा जवळजवळ निम्मा उरतो.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया त्याच पानावर छापा. मागच्या वेळी शब्दकोड्याचं चुकलेलं उत्तर श्रद्धांजलीच्या जाहिरातींखाली सापडलं होतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सोलापूर