सायलीच्या उत्तराविषयी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर 'आता कुणाला काही सांगायलाच नको' असे तू म्हणालीस, म्हणून लिहीत आहे. तब्येतीचा विषय काढणार नाही. ईसीजी व्यवस्थित आहे आणि हा पॅनिक अटॅक आहे, असे डॉक्टरांनी सांगितलेच आहे. मला घोर लागला आहे तो तुझ्या त्या वाक्याचा.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट पुन्हा वाचला. 'काल परत छातीत धडधडलं, रिक्षातून उतरून फुटपाथवरच बसले, म्हातारी झाले मी', आणि पुढे हसण्याचे दोन चेहरे. त्यावर सायली लिहिते, 'चहा कमी कर. शनिवारचं नक्की ना?' उत्तर कोरडे आहे, हे मान्य. परंतु भीती तू हसण्याखाली झाकून पाठवलीस आणि तिने त्या हसण्याला उत्तर दिले. तिला भीती दिसलीच नाही की दिसूनही तिने टाळली, हे एवढ्यावरून ठरत नाही. शिवाय तिचे वडील छातीत दुखते म्हणत होते आणि घरचे ॲसिडिटी समजत राहिले, हे तुला ठाऊक आहे. छातीचे नाव काढताच ती विषय बदलत असेल, तर त्यात तुझी किंमत नव्हे, तिची धास्ती दिसते. मी सगळ्यांचीच वकिली करतो, असे तुझी आई म्हणते.

खरी बेपर्वाई असेल तर ती पुढच्या दिवसांत कळते. ती स्वतःहून विचारते का, रिक्षात बसताना तुझ्याकडे एकदा पाहते का, की तीच गोष्ट चारचौघांत गंमत म्हणून सांगते? गंमत केली, तर मैत्री सिनेमा-सहलीपुरती ठेवावी आणि असले काही तिला सांगू नये. आठवीत गणिताचा पेपर गेला तेव्हा आजी फक्त 'बरं, जेवून घे' म्हणाली, म्हणून तू दोन दिवस रुसलीस. दुसऱ्याच सकाळी ती काठी टेकत शाळेत बाईंना भेटायला गेली होती, हे तुला फार उशिरा कळले.

शनिवारी भेटशील तेव्हा, जमल्यास, न हसता एकदाच सांगून पाहा: 'मी घाबरले होते. उपाय नको, दहा मिनिटं ऐक.' तेव्हाही तिने बोलणे चहावर नेले, तर ते उत्तर धरावे. तरीही ते एकट्या सायलीचे. त्यावरून सगळ्यांपुढेच तोंड बंद करू नकोस. पुन्हा तेच लिहिले आणि उपदेशही झाला, क्षमा कर. एरवी कुणापुढे डोळ्यांत पाणी न आणणाऱ्या मुलीने कुणाला तरी सांगितले, याचे मला कौतुकच वाटले होते.

रविवारी आत्या डबा घेऊन येणार आहे. मी तिला काही बोललेलो नाही. सांगायचे की नाही, हे तू ठरव.

तुझे,
बाबा