बास्केटबॉल कोर्टवरची जुनी रेषा पुसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या क्रीडा पानावर मुंबईतल्या एका महिला बास्केटबॉल साखळी स्पर्धेचे वृत्त आले होते. आमच्या संघातल्या एका मुलीने आठ सामन्यांत १२८ गुण केले, पण तिचे दहातले सहा शॉट वाया गेले, असे त्यात म्हटले होते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. शॉटची नोंद आमच्याच वहीतली आणि आपल्या प्रतिनिधीला ती मीच सांगितली. अर्धीच सांगितली, याची तेव्हापासून रुखरुख लागून राहिली आहे. ते वाचून तिच्या घरचे तिला म्हणाले, 'लांबून मारणं बंद कर.' तिच्या शॉटचा नकाशा मात्र काही वेगळेच सांगतो.

नकाशा म्हणजे फार काही नाही. अर्ध्या कोर्टचे चित्र छापलेला कागद घ्यायचा. प्रत्येक शॉटला, खेळाडूचा पाय उडी मारण्याआधी शेवटी जिथे टेकला होता तिथे खूण करायची. गेला तर गोल, हुकला तर फुली. तीन गुण की दोन, हे नियमाने त्याच पायावर ठरते. चेंडू सुटला तेव्हा खेळाडू हवेत कुठे होता यावर नाही. नवीन मुले हमखास चुकतात ती इथेच. खेळाडू जिथे उतरली तिथे खूण करतात, आणि सगळा नकाशा रिंगकडे सरकतो.

आमच्या कागदावर आठ सामन्यांच्या १२० खुणा होत्या, त्यांतले ४९ गोल. म्हणजे ४१ टक्के, आपण छापलेत तसेच. पण या टक्केवारीत दोन गुणांचा शॉट आणि तीन गुणांचा शॉट एकाच भावाने मोजला जातो. म्हणून इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी काढतात. तिच्यात गेलेला प्रत्येक थ्री दीड बास्केट धरायचा आणि एकूण शॉटने भागायचे. सामन्यांचे आकडे देणाऱ्या वेबसाइटवर ती eFG% या नावाने दिसते:

```
eFG% = (FGM + 0.5 × 3PM) / FGA
```

FGM म्हणजे गेलेले शॉट, 3PM म्हणजे त्यांतले थ्री आणि FGA म्हणजे मारलेले एकूण शॉट. फ्री थ्रो यात धरत नाहीत.

हेच गणित कोर्टच्या एकेका भागासाठी केले. रिंगच्या अगदी जवळून तिने ३६ मारले, २० गेले, ५६ टक्के. तिथून पुढे थ्रीच्या रेषेपर्यंतच्या पट्ट्यातून ४२ मारले, १६ गेले, ३८ टक्के. दोन्ही कोपऱ्यांतून मिळून १८ थ्री मारले, ७ गेले. तेही ३९ टक्केच. साध्या टक्केवारीत मधला पट्टा आणि कोपरा यांत काडीचा फरक दिसत नाही. पण सातला दीडने गुणले की साडेदहा होतात, आणि साडेदहा भागिले अठरा म्हणजे ५८ टक्के. तिची सर्वांत फळणारी जागा कोपरा निघाली, रिंगखालच्या जागेपेक्षाही किंचित वर. राहिले समोरून आणि बाजूंनी मारलेले २४ थ्री. त्यांतले सहाच गेले, दीडपट धरूनही ३७.५ टक्के. म्हणजे लांबून मारणे बंद कर हा सल्ला निम्माच बरोबर. समोरून कमी मार, कोपऱ्यातून मारत राहा, असे म्हणायला हवे होते.

इथपर्यंतचे गणित कोणीही करील. मला सांगायचे आहे ते वेगळेच, आणि ते सापडले हिशेब जुळेना म्हणून.

नकाशा खरा आहे की नाही हे पाहायची एक सोपी कसोटी आहे. नकाशावरचे गुण आणि फ्री थ्रोचे गुण मिळवले की बेरीज अधिकृत स्कोअरशीटशी जुळली पाहिजे. तिचे फ्री थ्रो १७ गेले होते. आमची बेरीज आली १३१ आणि शीटवर होते १२८. तीन गुण जास्त. स्कोअरशीटवर थ्री गेला की खेळाडूच्या नंबराभोवती गोल काढतात, त्यामुळे एकेक तपासता आला. आम्ही थ्री म्हणून मांडलेले तीन शॉट पंचांनी दोनचेच दिले होते. तिन्ही आमच्या घरच्या मैदानावरचे.

मोबाइलवरचे चित्रीकरण काढून बसलो. ती शेजारीच होती. पहिल्याच शॉटला म्हणाली, "काका, मी लाइनच्या बाहेरच होते. पाय बघा ना." चित्र थांबवून मोठे केले. पाय रेषेच्या मागेच होता, पण ती रेषा जुनी होती.

थ्रीची रेषा पूर्वी रिंगच्या मध्याखालच्या बिंदूपासून ६.२५ मीटरवर होती. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ती ६.७५ मीटरवर नेली. आमच्या मैदानावर नवीन रेषा पिवळ्या रंगात मारली आणि जुन्या पांढऱ्या रेषेवर कोर्टच्याच रंगाचा एक हात फिरवला. दोनतीन पावसाळ्यांत वरचा हात निघाला, पिवळा फिका झाला आणि आतली पांढरी रेषा ठसठशीत वर आली. चेंडू झेलून वर बघणाऱ्या खेळाडूला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते ती पांढरीच. सराव रोज तिथेच, त्यामुळे पायांना तेच अंतर बसले आहे.

मग हुकलेले शॉटही एकेक करून पाहावे लागले. हे काम वेळखाऊ आहे, कारण स्कोअरशीटवर फक्त गेलेले शॉट असतात. हुकलेल्याची तिथे कसलीच नोंद नसते, त्यामुळे तिथल्या चुका बेरजेत पकडता येत नाहीत. चार संध्याकाळी घालवून आकडा आला तो असा: मधल्या पट्ट्यातल्या ४२ शॉटपैकी १५ जुन्या आणि नव्या रेषेच्या मधल्या अर्ध्या मीटरमधून मारलेले होते. त्यांतले ५ गेले. वर दिलेले सगळे आकडे ही दुरुस्ती केल्यानंतरचे आहेत.

ही अर्ध्या मीटरची पट्टी म्हणजे कोर्टवरची सर्वांत तोट्याची जागा. थ्रीइतकेच अवघड अंतर, आणि मोबदला दोनच गुण. तिथून तिचे प्रमाण तीनातला एक, म्हणजे नऊ शॉटमध्ये तीन बास्केट आणि सहा गुण. तेच नऊ शॉट अर्धा मीटर मागे सरकून मारले तर सहा गुणांना दोनच बास्केट पुरतात. नेम तेवढा ढळला तरी नुकसान नाही, आणि तसाच टिकला तर ३३ चे ५० टक्के होतात. नेम मुळीच ढळणार नाही असे मी म्हणत नाही. समोरच्या थ्रीचे तिचे प्रमाण चारातला एक आहे. पण तेवढ्यावरही तो शॉट ३३ वरून ३७.५ वर जातो.

हे आकडे किती ताणावेत, हेही सांगायला हवे. कोपऱ्यातले १८ शॉट ही फार छोटी संख्या आहे. त्यांतले दोन कमी गेले असते तर ५८ चे ४२ झाले असते. डावा कोपरा चांगला की उजवा, असे मला एका पालकांनी विचारले. डावीकडे ११ मध्ये ५, उजवीकडे ७ मध्ये २. यावरून काहीही ठरवू नये, असेच मी त्यांना सांगितले. शिवाय कोपऱ्यातले तिचे शॉट बहुतेक असे होते की दुसरी मुलगी रिंगकडे घुसली, बचाव तिच्याभोवती गोळा झाला आणि पास बाहेर आला. मोकळी उभी होती म्हणून ते गेले. उद्या प्रत्येक वेळी तिला तिथेच उभी केली तर समोरचा संघ एक मुलगी तिच्यावर लावील आणि तो आकडा खाली येईल. कोपऱ्यात रेषा आणि साइडलाइन यांच्यामध्ये जागा असते ९० सेंटिमीटर. अंगावर डिफेंडर आली की पाय बाहेर जायला वेळ लागत नाही. रिंगखालचे ५६ टक्केही खरे तर कमीच दिसतात. शॉट मारताना फाउल झाला आणि चेंडू हुकला तर तो शॉट मोजत नाहीत, आणि मिळालेले फ्री थ्रो या टक्केवारीत येत नाहीत. तिचे बहुतेक फ्री थ्रो तिथेच घुसताना मिळालेले आहेत. म्हणून कोपरा रिंगपेक्षा वर आहे, हे वाक्य मी पुढे रेटणार नाही. रेषांमधल्या त्या पट्टीबद्दल मात्र शंका ठेवायला जागा नाही, कारण तिथे प्रश्न नेमाचा नसून पाय कुठे आहे याचा आहे.

आम्ही एवढेच केले: घरच्या कोर्टवर पांढऱ्या रेषेवर स्वतःच काळा रंग मारला आणि पिवळी पुन्हा आखली. टेप रिंगच्या मध्याखालच्या बिंदूपासून धरावी लागते. आधी आम्ही ती बॅकबोर्डखालून धरली होती आणि रेषा चुकीच्या जागी येत होती. त्यानंतरच्या चार सामन्यांत त्या पट्टीतून तिचा एकही शॉट नाही. ती मागे सरकून मारते आहे. समोरून आणि बाजूंनी १४ मारले, ४ गेले; म्हणजे दीडपट धरून ४३ टक्के. चौदा शॉटवरून मी निष्कर्ष काढत नाही, वहीत लिहून ठेवतो आहे.

नागपाड्यापासून माटुंग्यापर्यंत आणि पुढे उपनगरांत उघड्यावरची कोर्ट पुष्कळ आहेत. ज्यांच्या ताब्यात ती आहेत त्यांना माझी विनंती आहे की या पावसाळ्यानंतर रंगकाम काढाल तेव्हा नवी रेषा उजळण्याआधी जुनी पूर्ण खरवडून काढा. वरून नुसता हात फिरवला तर ती परत वर येते. संयोजकांनी स्कोअररच्या टेबलावर नकाशा भरणारा एक माणूस बसवावा, म्हणजे हुकलेल्या शॉटचीही नोंद राहील. आणि आपल्या क्रीडा पानाला विनंती अशी, की जिथे अशी नोंद मिळेल तिथे नुसते 'इतके टक्के' न छापता मारलेले शॉट, गेलेले शॉट आणि त्यांतले थ्री असे तीन आकडे छापावेत. आमच्या मुलीचे होते १२०, ४९ आणि १३. त्यांवरून वाचक स्वतःच, थ्री दीडपट धरून, ४६ टक्के काढू शकला असता.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
माहीम, मुंबई