वटाव लावण्याआधी तासाची किंमत दाखवा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

शहरी वाहतूक प्रकल्पांचे अहवाल तयार करण्याच्या कामात मी बरीच वर्षं होते. सुरुवातीला रस्त्यावर फॉर्म भरून घ्यायचे, पुढे हिशेबाच्या टेबलावर बसले. आज लिहितेय ते त्या फॉर्मवरच्या एका रकान्याबद्दल.

पुण्यातला एक बसथांबा, सकाळचे पावणेसात. एका कंपनीत साफसफाईचं काम करणाऱ्या बाई बसची वाट पाहत होत्या. मी विचारलं, महिन्याला किती मिळतात? म्हणाल्या, बारा हजार. मी लिहून घेतलं. मग त्यांनीच विचारलं, "ताई, साडेसातला मुकादम गेटवर हजेरी घेतो. बस दहा मिनिटं उशिरा आली की माझा अर्धा खाडा धरतात. ते कुठं लिहिणार?" फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

प्रकल्पामुळे वाचणारे तास रुपयांत मांडून त्याचा लाभ ठरवतात, आणि तासाची किंमत काढतात ती पगाराच्या उत्तरावरून. ऑफिसात त्या उत्तराचं पुढे काय झालं ते सांगते. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०८ तास. बारा हजारांना २०८ने भागलं की बाईंचा एक तास साधारण ५८ रुपयांचा. त्याच रस्त्यावर मोटार चालवणाऱ्या एका गृहस्थांनी ऐंशी हजार पगार सांगितला होता. त्यांचा तास झाला ३८५ रुपयांचा. अशा शेकडो उत्तरांची सरासरी काढून बसप्रवाशाचा एक भाव आणि मोटारप्रवाशाचा दुसरा भाव ठरतो. हे कुणा एका सल्लागाराच्या मनचं नाही. महामार्गांच्या आर्थिक मूल्यमापनासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी:३० ही मार्गदर्शिका वापरतात, तिच्यातही प्रवाशाच्या वेळेचं मूल्य वाहनागणिक वेगळं आहे.

कंपनीच्या कामासाठी कुणी प्रवास करत असेल तर पगारावरून किंमत काढणं समजू शकतं, कारण त्या तासाचा पगार मालक देतच असतो. पण सकाळच्या गर्दीतले बहुतेक लोक कामावर निघालेले असतात, कामात नसतात. कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात चाललेलं असतं. तिथे वेळ वाचवायला माणूस किती पैसे मोजेल, यावरून किंमत काढतात. बाई कमी मोजतील, कारण त्यांच्या पर्समध्ये कमी आहेत. त्यांची दहा मिनिटं हलकी आहेत म्हणून नव्हे. ती तर अर्ध्या दिवसाच्या मजुरीइतकी जड होती.

याचा निर्णयावर काय परिणाम होतो? एक कल्पित उदाहरण घेते, आकडे सोपे ठेवून. एकाच रस्त्यावर सारख्याच खर्चाचे दोन पर्याय आहेत. उड्डाणपुलामुळे मोटारींतल्या २०,००० प्रवाशांची रोज ६-६ मिनिटं वाचतात, म्हणजे २,००० तास. बसमार्गिकेमुळे ५५,००० बसप्रवाशांची ३-३ मिनिटं वाचतात, म्हणजे २,७५० तास, पण मोटारींचा खोळंबा होऊन २५० तास वाया जातात. निव्वळ बचत २,५०० तास. घड्याळ सांगतं, बसमार्गिका बरी. आता मोटारप्रवाशाचा तास २०० रुपये आणि बसप्रवाशाचा ८० रुपये धरा. उड्डाणपुलाचा लाभ रोज ४ लाख रुपये होतो. बसमार्गिकेचा २ लाख २० हजार, त्यातून मोटारींच्या खोळंब्याचे ५० हजार वजा, म्हणजे १ लाख ७० हजार. तास कमी वाचवणारा पर्याय दुपटीहून जास्त फरकाने जिंकला. सगळ्यांचा तास ११० रुपयांचा धरला असता तर उड्डाणपूल २ लाख २० हजारांवर राहिला असता आणि बसमार्गिका २ लाख ७५ हजारांवर गेली असती.

मंत्रिमहोदय, पुढच्या वर्षांतले लाभ आजच्या मोलात आणताना दरवर्षासाठी जी टक्केवारी कापतात तो वटावाचा दर, आणि हे सगळं तो लावण्याच्या आधी घडलेलं असतं. दोन्ही पर्यायांचा खर्च सारखा आणि लाभ वर्षानुवर्षं सारख्याच वेगाने वाढणारा असेल, तर पुढे ६ टक्के लावा की १४ टक्के, दोघांचा लाभ एकाच प्रमाणात आकसतो आणि क्रम तसाच राहतो. आपल्या बैठकांत चर्चा होते ती मात्र शेवटच्या टक्केवारीवर. २०१७च्या केंद्रीय मेट्रो रेल्वे धोरणाने आर्थिक परताव्याची किमान मर्यादा १४ टक्के ठेवली, आणि तेव्हापासून अहवाल उघडला की आधी तोच आकडा शोधला जातो. तो मुख्यतः वाचलेल्या तासांवर उभा असतो, आणि तासाचा भाव कुठेतरी परिशिष्टात.

त्या परिशिष्टात आणखी एक गोष्ट मला नेहमी तपासावी लागायची. आज १०० रुपयांचा तास वीस वर्षांनी किती धरला आहे? लोकांचं खरं उत्पन्न वर्षाला ३ टक्क्यांनी वाढेल असं मानलं तर १८१ रुपये. त्यात ५ टक्के महागाई मिसळून ८ टक्के धरले तर ४६६. महागाई धरायला हरकत नाही, पण मग देखभालीचा खर्च, वीज, पगार यांतही ती धरायला हवी आणि परताव्याची मर्यादाही त्याच हिशेबाने वाचायला हवी. लाभ चढत्या भावाने आणि खर्च आजच्या भावाने मांडला की परतावा फुगतो. ओळखायची खूण सोपी आहे: तक्त्यात वेळेच्या लाभाची ओळ आणि देखभालीची ओळ शेजारी ठेवा. प्रवासी संख्या स्थिर असलेल्या वर्षांतही पहिली झपाट्याने चढते आणि दुसरी सपाट राहते, तर विचारणा करा.

आरोग्याच्या बाबतीत तर उत्पन्नाचा हा मापदंड फारच कठोर होतो. टळलेल्या मृत्यूची किंमत बुडालेल्या कमाईवरून काढली, तर गृहिणी आणि सत्तरीतले आजोबा जवळपास शून्यावर येतात, आणि रस्ता ओलांडताना ज्यांना सर्वाधिक जपावं लागतं त्यांच्यासाठीच्या पदपथाचा लाभ कागदावर उरत नाही. दुसरी पद्धत आहे. एक लाख लोकांना विचारायचं, की मृत्यूचा धोका लाखात एकाने कमी करायला वर्षाला किती द्याल. सरासरी ५०० रुपये आली, तर त्या गटात एक मृत्यू टाळण्याचं मोल ५ कोटी रुपये. हा कुणा एका माणसाचा भाव नव्हे, छोट्या छोट्या धोक्यांची ती बेरीज आहे. इथेही उत्तरं खिशाप्रमाणे बदलतात, म्हणून राज्यभर सर्वांसाठी एकच आकडा धरावा लागतो.

ब्रिटनमध्ये कामाव्यतिरिक्तच्या प्रवासाला असंच प्रमाण मूल्य लावतात. प्रवासी बसमध्ये आहे की मोटारीत, यावरून ते बदलत नाही. चालण्याचा आणि थांब्यावर ताटकळण्याचा वेळ तिथे गाडीत बसलेल्या वेळेच्या जवळपास दुप्पट धरतात. आपल्याकडे स्थानक ते स्थानक असा वेळ मोजला, तर घरून स्थानकापर्यंतची पायपीट आणि दोन जिन्यांची चढउतार हिशेबाबाहेर राहते, आणि वाचलेली मिनिटं आहेत त्याहून जास्त दिसतात.

माझी मागणी एका पानाची आहे. यापुढे आपल्या विभागाकडे येणाऱ्या प्रत्येक प्रकल्प अहवालाच्या सुरुवातीला वटाव न लावलेला एक तक्ता असावा. किती माणसांची, कोणत्या वाहनातल्या, घरापासून मुक्कामापर्यंत किती मिनिटं वाचणार. किती मृत्यू आणि आजारपणं टळणार. आणि त्यांना कोणता भाव लावला, हे त्यात लिहिलेलं असावं. कामाव्यतिरिक्तच्या वेळेचा भाव सर्वांना एकच असावा. कुणाला वेगळा भाव लावायचा असेल तर दोन्ही भावांनी आलेले निकाल शेजारी छापावेत. आणि फॉर्ममध्ये उशिराने होणाऱ्या नुकसानीचा रकाना असावा. तो विचारणाऱ्या बाईंना मी त्या दिवशी एवढंच म्हणाले होते, की साहेबांना सांगते.

आपली नम्र,
पुण्यातील एक निवृत्त वाहतूक नियोजक