वेडाचे सोंग घेऊन सुटता येते?

महोदय,

'वेडाचे सोंग घेतले की आरोपी सुटतो' हे वाक्य चर्चांमध्ये सर्रास ऐकू येते. त्यात दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ असते. आरोपीला आज खटला समजतो का, वकिलाला नीट सूचना देता येतात का, हा पहिला. उत्तर नकारार्थी आले तर खटला थांबतो, पण आरोप मिटत नाही. उपचारांनी तो सावरला की खटला पुन्हा सुरू होऊ शकतो. दुसरा प्रश्न गुन्ह्याच्या क्षणाचा: आपण काय करतोय, ते गैर आहे, हे त्याला तेव्हा कळत होते का? नुसते आजाराचे निदान इथे पुरत नाही.

डॅनियल मॅकनॉटनचेच पाहा. सत्ताधारी टोरी पक्षाचे लोक आपला छळ करतात, या भ्रमातून त्याने १८४३ मध्ये लंडनला ब्रिटिश पंतप्रधानांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. ज्युरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवले. लोक खवळले, राणी व्हिक्टोरियाही नाराज झाली, आणि न्यायाधीशांनी वरच्या दुसऱ्या प्रश्नाची कडक कसोटी घालून दिली. भारतीय दंड संहितेचे कलम ८४ (आता न्याय संहितेचे २२) त्याच कसोटीवर बेतलेले आहे. गंमत म्हणजे त्या कसोटीवर खुद्द मॅकनॉटन सुटला असता का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे.

आणि 'सुटलेला' मॅकनॉटन गेला कुठे? बेथलेम मनोरुग्णालयात, पुढे ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात. १८६५ मध्ये तिथेच तो वारला.

– एक वकील वाचक