बाळाच्या कपड्यांच्या मापाविषयी

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तान्हा पोळा झाला आणि आज निवांतपणे हे पत्र लिहिते आहे. तू फोनवर पाठवलेली होणाऱ्या बाळाच्या कपड्यांची यादी मी दोनदा वाचली. त्यात ‘न्यूबॉर्न’ मापाचे बारा जोड आणि ‘०-३ महिने’ मापाचे बारा जोड आहेत. ती ऑर्डर अजून पाठवली नसशील तर दोन दिवस थांब. अंगणवाडीत इतकी वर्षे लेकरांची वजने घेतली आहेत, त्यामुळे या बाबतीत माझे थोडे ऐकावेस अशी माझी इच्छा आहे.

‘०-३ महिने’ असे वाचले की बाळ जन्मल्या दिवसापासून तीन महिन्यांचे होईपर्यंत तो कपडा बसेल, असे कोणालाही वाटते. प्रत्यक्षात कपडा महिन्यांवर बसत नाही, वजनावर आणि लांबीवर बसतो. जी कंपनी ‘न्यूबॉर्न’ हे माप वेगळे काढते, तिचे ते माप साधारण साडेतीन ते चार किलो वजनापर्यंत आणि पन्नास-बावन्न सेंटिमीटर लांबीपर्यंत चालते. त्याच कंपनीचे ‘०-३’ हे माप तिथून पुढे सुरू होते आणि साडेपाच-सहा किलोपर्यंत पुरते. जी कंपनी ‘न्यूबॉर्न’ काढतच नाही, तिचे ‘०-३’ मात्र बऱ्याचदा लहान असते. ताईकडचे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कपडे मी पलंगावर एकावर एक ठेवून टेपने मोजले, तेव्हा एकीचे ‘०-३’ दुसरीच्या ‘न्यूबॉर्न’पेक्षा जेमतेम दोन बोटे लांब निघाले. म्हणून लेबलावरचे महिने बाजूला ठेव आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले किलो आणि सेंटिमीटर वाच. ते लिहिलेलेच नसतील तर तो कपडा न पाहता मागवू नकोस.

आता ताईच्या लेकीचेच उदाहरण घे, कारण तिचे कार्ड माझ्यापाशी आहे. जन्माच्या वेळी तिचे वजन २ किलो ७०० ग्रॅम होते. पहिल्या तीन-चार दिवसांत बहुतेक प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते, तसे तिचेही अडीच किलोवर आले आणि चौदाव्या दिवशी आशाताईंनी पाहिले तेव्हा ते पुन्हा जन्माच्या वजनाच्या थोडे वर गेले होते. पुढे रोज पंचवीस-तीस ग्रॅम या हिशेबाने ते वाढत राहिले. अठ्ठाविसाव्या दिवशी ३ किलो २००, बेचाळिसाव्या दिवशी ३ किलो ६०० आणि तीन महिन्यांला पाच किलो. म्हणजे लहान मापाचे कपडे तिला जवळजवळ सात आठवडे लागले. उलट आपल्या शेजारच्या घरी ३ किलो ६०० ग्रॅमचा मुलगा झाला, त्याला तेच माप दहाव्या दिवशी मांडीत रुतू लागले. ‘लहान माप घेऊच नका, सरळ ०-३ घ्या’ असे हल्ली पुष्कळ जण सांगतात. मोठ्या बाळाच्या बाबतीत ते खरे आहे, पण आपल्याकडे अडीच-पावणेतीन किलोची बाळे पुष्कळ असतात आणि अशा बाळाला मोठा कपडा घातला की गळा सरकून तोंडावर येतो. झोपलेल्या बाळाच्या नाकातोंडाशी सैल कापड येणे मला अजिबात चालणार नाही.

स्नेहलच्या सोनोग्राफीत लिहिलेल्या अंदाजे वजनावर विसंबूनही खरेदी करू नकोस, कारण तो अंदाज दोन्ही बाजूंनी तीन-चारशे ग्रॅमने सहज चुकू शकतो आणि नेमक्या तेवढ्या फरकावरच माप बदलते. बाळ होण्याआधी नवे कपडे घरात आणू नयेत आणि पहिल्या दिवसांत दुसऱ्या निरोगी लेकराचे वापरलेले झबले घालावे, ही तुझ्या आजीची रीत होती. मी तिच्याकडे शकुन म्हणून पाहत नाही. पण पुष्कळदा धुतलेले सुती कापड मऊ झालेले असते, त्याचे आटायचे तेवढे आटून झालेले असते, आणि बाळाचे माप कळेपर्यंत पैसे हातात राहतात. यासाठी ती रीत मला पटते.

माझे म्हणणे एवढेच आहे की बारा जोडांऐवजी लहान मापाची सहा झबली पुरे आहेत. त्यांतली तीन ताईकडून येतील आणि तीन मी शिवते. ती समोरून उघडणारी, नाडीची असतील. टिचबटणांचा अंगभर कपडा लांबीत अडला की संपला, पण नाडीचे झबले सैल बांधता येते आणि लांबीला कमी पडले तरी खाली लंगोट असतोच. नाड्या मात्र मी आखूड ठेवीन, म्हणजे त्या बोटांत किंवा गळ्यात अडकणार नाहीत. दिवसाला चार-पाच झबली ओली होतात हे खरे, पण आपल्या अंगणात नोव्हेंबरच्या उन्हात सकाळी धुतलेले दुपारी वाळते. जास्त लागतात ते लंगोट आणि दुपटी. माझ्या जुन्या सुती साड्यांची वीस-पंचवीस लंगोट आणि आठ दुपटी होतील, आणि त्यांना मापाचा प्रश्न येत नाही.

‘०-३’ मापाचे सहा जोड घे, पण त्यांतले दोनच धुऊन ठेव आणि बाकीच्यांची लेबले काढू नकोस. ताईने चौदा जोड एकदम धुऊन घडी करून ठेवले होते. त्यांतले पाच एकदाही अंगाला न लागता लहान झाले आणि धुतलेले म्हणून दुकानदाराने बदलून दिले नाहीत. माप संपत आले हे ओळखायला वजनकाटा लागत नाही. मांडीवर किंवा काखेत लाल वळ दिसला, मधले टिचबटण लावताना बाळाचे पाय वर ओढले जाऊ लागले, किंवा पायजम्याच्या बंद पायात बोटे दुमडली जाऊ लागली, की त्याच दिवशी पुढचे माप काढावे.

ऋतूचाही हिशेब यात येतो. बाळाची तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीची थंडी लहान मापात आणि ‘०-३’ मापातच जाईल. लोकरीचे दोन स्वेटर ‘०-३’ मापाचे घे आणि त्याहून मोठे घेऊच नकोस. ‘३-६ महिने’ हे माप अंगाला येईल तेव्हा फेब्रुवारी उलटलेला असेल, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचे ऊन तुला ठाऊक आहे, तेव्हा बिनबाह्यांच्या पातळ मलमलीशिवाय काही सोसणार नाही. कुंची बाहेर नेताना घालू, घरात निजवताना घालणार नाही.

बारशाला प्रत्येक जण हौसेने झबले-टोपडेच आणतो आणि तेही सगळ्यांत लहान मापाचे. मावशीला आणि तुझ्या काकूंना मी आधीच सांगितले आहे की कपडे आणायचेच असतील तर ‘६-१२ महिने’ मापाचे, सुती आणि उन्हाळ्याचे आणावेत. स्नेहलच्या माहेरी हे तू सांग, माझ्या तोंडून ते बरे दिसणार नाही.

ऑर्डरमधले ‘न्यूबॉर्न’चे बाराही जोड काढून टाक. बाळ झाल्यावर वजन कळेल आणि झबली कमी पडलीच, तर तालुक्याच्या दुकानातून तुझे बाबा त्याच दिवशी दोन-तीन आणून देतील.

तुझी,
आई